पॉलिसीवर कर्ज काढले, तर घरच्यांच्या हाती किती उरते?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या कारखानदाराला फाउंड्रीकडून जॉबवर्कचे बिल यायला दोन-तीन महिने लागतात, आणि नेमक्या त्याच काळात मशीन दुरुस्तीचा किंवा मुलांच्या प्रवेशाचा खर्च उभा राहतो. अशा वेळी भिशी, पतसंस्था आणि सोनेतारण यांच्या जोडीने कपाटातल्या विम्याच्या बाँडचीही आठवण होते. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर विमा कंपनीकडूनच कर्ज मिळते, त्यासाठी जामीनदार लागत नाही, आणि मुद्दल अमुक दिवसात फेडा असा तगादाही सहसा नसतो. हा तगादा नसणे हीच या कर्जाची सोय आहे आणि माझ्या मते त्यातला सर्वांत मोठा धोकाही तोच आहे, कारण न भरलेले व्याज शेवटी पॉलिसीच्या रकमेतून, म्हणजे बहुधा कुटुंबाच्या वाट्यातून वजा होते. म्हणून पात्रता, व्याज आणि मृत्यूनंतर मिळणारी रक्कम या तिन्ही गोष्टी एकाच उदाहरणातून पाहू.

उदाहरणासाठी उद्यमनगरात लेथवर काम करणारे एक गृहस्थ घेऊ. त्यांची 5,00,000 रुपये विमा रकमेची, वीस वर्षे मुदतीची, बोनस मिळणारी एंडोमेंट पॉलिसी आहे. दहा वार्षिक हप्ते भरून झाले आहेत, पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून नोंदलेले आहे, पॉलिसीची वार्षिक तारीख 15 ऑगस्ट आहे आणि त्यांना जूनमध्ये दीड लाख रुपये हवे आहेत. पुढच्या हिशेबात बोनस दर वर्षी विमा रकमेच्या दर हजारी 40 रुपये, सरेंडर व्हॅल्यू 2,00,000 रुपये आणि व्याजदर साडेनऊ टक्के धरला आहे. हे तिन्ही आकडे समजावण्यापुरते आहेत, कारण प्रत्येक पॉलिसीचे खरे आकडे तिच्या प्रकारावर, वयावर आणि उरलेल्या मुदतीवर ठरतात आणि ते कंपनीकडूनच लेखी घ्यावे लागतात.

कर्ज कोणत्या पॉलिसीवर मिळते

कर्ज विमा रकमेवर मिळत नाही, भरलेल्या हप्त्यांच्या बेरजेवरही मिळत नाही. ते सरेंडर व्हॅल्यूवर मिळते. आज पॉलिसी मोडली तर कंपनी जी रक्कम हातात देईल ती सरेंडर व्हॅल्यू. ज्या पॉलिसीत अशी रक्कम साठतच नाही, तिच्यावर कर्जही मिळत नाही. म्हणूनच फक्त मृत्यूचे संरक्षण देणारी टर्म पॉलिसी कितीही मोठ्या रकमेची असली तरी तारण म्हणून उपयोगी पडत नाही. शेअर बाजाराशी जोडलेल्या युलिप पॉलिसीत पैसे साठतात, परंतु विमा नियामकाच्या नियमांनुसार तिच्यावर कर्ज देता येत नाही. त्या पॉलिसीत पाच वर्षांनंतर काही रक्कम काढून घेण्याची वेगळी सोय असते. राहिल्या एंडोमेंट, मनीबॅक, आजीवन अशा बचतीच्या पारंपरिक पॉलिसी. 2024 मध्ये नियामकाने अशा बचतीच्या पॉलिसींत कर्जाची सोय ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले.

पॉलिसी किती जुनी असावी, याचे उत्तर ती कधी घेतली यावर अवलंबून आहे. जुन्या पॉलिसींत दोन किंवा तीन पूर्ण वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर व्हॅल्यूच तयार होत नसे. 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नियमांखाली आलेल्या योजनांत एका पूर्ण वर्षाच्या हप्त्यानंतरही काही मूल्य तयार होते. मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांत ही रक्कम इतकी लहान असते की तिच्यावरचे कर्ज गरजेला क्वचितच पुरते.

सरेंडर व्हॅल्यूच्या किती टक्के कर्ज मिळेल हे पॉलिसीच्या बाँडमध्ये कर्जाच्या कलमाखाली लिहिलेले असते. हप्ते नियमित चालू असलेल्या अनेक पॉलिसींत ही मर्यादा 90 टक्क्यांपर्यंत असते, आणि हप्ते थांबून पेड-अप झालेल्या पॉलिसीत त्याहून कमी असते. आपल्या उदाहरणात 2,00,000 रुपयांच्या 90 टक्के म्हणजे 1,80,000 रुपये मिळू शकतात. पाच लाखांच्या पॉलिसीवर चार-साडेचार लाख मिळतील अशा अपेक्षेने शाखेत गेलेल्या माणसाची निराशा होते ती याच कारणाने.

पात्रतेतील एक अडथळा पुष्कळांना काउंटरवर गेल्यावरच कळतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या 1874 च्या कायद्याखाली पत्नी किंवा मुलांच्या नावे पॉलिसी घेतली असेल, तर तिचे पैसे सुरुवातीपासूनच त्यांच्यासाठी विश्वस्त निधी म्हणून राखलेले असतात. हप्ते पतीने भरले असले तरी स्वतःच्या गरजेसाठी त्याला तिच्यावर कर्ज काढता येत नाही. तसेच पॉलिसी आधीच गृहकर्जासाठी एखाद्या बँकेच्या नावे असाइन केलेली असेल, तर ती सोडवून घेतल्याशिवाय विमा कंपनी कर्ज देत नाही.

आधी आकडे मागावेत, मग कर्ज मागावे

थेट कर्जाचा फॉर्म भरण्याऐवजी आधी कर्जाचे कोटेशन लेखी मागावे असा माझा आग्रह आहे. शाखेत तोंडी सांगितलेला आकडा बरोबर असतो, पण व्याज कोणत्या तारखेला भरायचे आणि न भरल्यास काय होईल हे त्यात येत नाही. पॉलिसीची नोंद ज्या शाखेत आहे, तिच्या व्यवस्थापकांच्या नावे पुढीलप्रमाणे विनंती करता येईल.

> मा. शाखा व्यवस्थापक यांस,
>
> विषय: पॉलिसी क्र. ______ वर कर्ज मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> वरील पॉलिसी माझ्या स्वतःच्या जीवनावर असून तिचे ______ पर्यंतचे सर्व हप्ते भरलेले आहेत. या पॉलिसीवर मला ______ रुपये कर्ज हवे आहे. त्यापूर्वी आजच्या तारखेची सरेंडर व्हॅल्यू, जमा झालेला बोनस, मिळू शकणारे कमाल कर्ज, व्याजाचा दर आणि तो पूर्ण मुदतीसाठी कायम राहील की बदलेल, व्याज चक्रवाढ पद्धतीने किती महिन्यांनी आकारले जाईल, पहिले व्याज भरण्याची तारीख, तसेच पूर्वीचे काही कर्ज अथवा व्याज बाकी असल्यास त्याचा तपशील लेखी द्यावा, ही विनंती.
>
> माझा सध्याचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक खाली दिला आहे. आपल्या नोंदीत तो वेगळा असल्यास दुरुस्तीचा अर्ज सोबत घ्यावा.
>
> आपला विश्वासू,
> (पॉलिसीवरील सहीप्रमाणे सही)

शेवटच्या दोन ओळी औपचारिक वाटल्या तरी त्यांना महत्त्व आहे. व्याज थकल्याची आणि पॉलिसी धोक्यात आल्याची सूचना नोंदीतल्या पत्त्यावर जाते. दहा वर्षांपूर्वी भाड्याच्या घराचा पत्ता दिलेला असेल, तर ती सूचना तिथेच पोहोचते आणि पॉलिसीधारकाला काही कळत नाही. सहीचेही तसेच आहे. पंचविशीतली सही आणि चाळिशीतली सही जुळली नाही, तर अर्ज ओळखपत्रांच्या पडताळणीत अडकून पडतो.

कोटेशन पटले की कंपनीचा कर्जाचा फॉर्म, मूळ बाँड, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, पॅन आणि ज्या खात्यात पैसे हवेत त्याचा रद्द केलेला धनादेश द्यावा लागतो. बाँडवर किंवा स्वतंत्र दस्तावर पॉलिसी कंपनीच्या नावे असाइन केली जाते आणि कर्ज फिटेपर्यंत मूळ बाँड कंपनीकडे राहतो. तो देण्यापूर्वी त्याची सर्व पानांसह प्रत काढून घरात ठेवावी आणि कर्ज घेतल्याचे नॉमिनीला सांगावे.

असाइनमेंट हा शब्द ऐकून पत्नीची नॉमिनी म्हणून असलेली नोंद रद्द झाली की काय, अशी शंका अनेकांना येते. ती रद्द होत नाही. विमा कायदा, 1938 च्या कलम 39 मध्ये याची स्पष्ट तरतूद आहे: कर्जाच्या बदल्यात पॉलिसी त्याच विमा कंपनीच्या नावे केली, तर नॉमिनीचे नाव कायम राहते आणि कंपनीचे जेवढे येणे आहे तेवढ्यापुरताच नॉमिनीच्या हक्काला धक्का लागतो. त्यामुळे कर्ज फेडल्यावर तेच नाव पुन्हा नोंदवण्याचीही गरज पडत नाही.

व्याज कसे वाढते

भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसींवर कर्जाचे व्याज सहामाही चक्रवाढ पद्धतीने आकारले जाते, आणि ते भरण्याच्या तारखा कर्जाच्या तारखेवरून ठरत नाहीत, तर पॉलिसीच्या वार्षिक तारखेवरून ठरतात. आपल्या उदाहरणात वार्षिक तारीख 15 ऑगस्ट असल्याने व्याजाच्या तारखा 15 ऑगस्ट आणि 15 फेब्रुवारी अशा येतात. कर्ज 10 जूनला मिळाले, तर पहिले व्याज सहा महिन्यांनी नाही, तर 66 दिवसांनीच देय होते. साडेनऊ टक्क्यांनी दीड लाखावर ते साधारण 2,577 रुपये होते. त्यानंतर दर सहामाहीला 7,125 रुपये भरायचे. ‘सहा महिन्यांनी भरू’ असे मनाशी ठरवलेल्या माणसाची पहिलीच तारीख चुकते ती अशी, आणि चुकलेले व्याज लगेच मुद्दलात मिसळते.

मुद्दल लवकर फेडण्यावर बंदी नसते, पण किमान सहा महिन्यांचे व्याज द्यावे लागते. दोन महिन्यांनी बिल आले आणि सगळे कर्ज परत केले, तरी व्याज सहा महिन्यांचेच लागेल. म्हणून खरोखर महिना-दीड महिन्याची निकड असेल, तर पतसंस्थेतले किंवा सोन्यावरचे कर्ज महाग दरानेही एकूण स्वस्त पडू शकते. हा हिशेब आधी करून पाहावा.

आता व्याज अजिबात भरले नाही असे समजू. पूर्ण सहामाहींचा हिशेब धरला, तर 1,50,000 रुपयांचे देणे एका वर्षाने 1,64,588 रुपये, तीन वर्षांनी 1,98,160 रुपये, पाच वर्षांनी 2,38,579 रुपये आणि दहा वर्षांनी, म्हणजे पॉलिसी पूर्ण होताना, 3,79,465 रुपये होते. या सगळ्या काळात कोणीही वसुलीला दारात येत नाही. विम्याचा हप्ता भरताना कर्जाचे व्याज त्यातून आपोआप वळते होत नाही, ते वेगळे भरावे लागते. एजंटाकडे हप्ता देणाऱ्यांनी तर व्याजाची वेगळी पावती मागून घ्यावीच, आणि पैसे भरताना ते व्याजापोटी आहेत की मुद्दलापोटी हे तपासावे.

मृत्यू झाल्यास काय मिळते

समजा, कर्ज घेतल्यानंतर या गृहस्थांनी विम्याचे हप्ते नियमित भरले आणि पाच वर्षांनी त्यांचे निधन झाले. पंधरा वर्षांचा बोनस 3,00,000 रुपये धरला, तर विमा रकमेसह दावा 8,00,000 रुपयांचा होतो. व्याज वेळच्या वेळी भरलेले असेल, तर त्यातून मुद्दलाचे दीड लाख आणि शेवटच्या भरण्यानंतरचे थोडे व्याज वजा होते आणि पत्नीला जवळपास साडेसहा लाख मिळतात. व्याज एकदाही भरले नसेल, तर 2,38,579 रुपये वजा होऊन 5,61,421 रुपये हाती येतात.

दोहोंतला फरक 88,579 रुपयांचा आहे. पाच वर्षांत व्याजाचे दहा हप्ते भरले असते, तर 71,250 रुपये गेले असते. उरलेले 17,329 रुपये हे निव्वळ व्याजावरचे व्याज आहे. ही रक्कम पाहून कुणी म्हणेल की फार मोठी नाही, आणि हप्ते चालू असलेल्या पॉलिसीपुरते ते खरेही आहे. नियमांनुसार हप्ते नियमित चालू असलेली किंवा सर्व हप्ते भरून पूर्ण झालेली पॉलिसी केवळ कर्ज सरेंडर व्हॅल्यूपेक्षा वाढले म्हणून कंपनीला बंद करता येत नाही. अशा पॉलिसीत मृत्यूच्या दाव्यातून देणे वजा होते आणि बाकी रक्कम नॉमिनीला मिळते. कर्जाची वसुली पॉलिसीच्या पैशातूनच होते.

खरा घात होतो तो कर्जाच्या जोडीने विम्याचा हप्ताही थांबल्यावर. आणि व्यवहारात या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, कारण ज्याला पैशांची ओढ लागली आहे तोच माणूस कर्ज काढतो आणि तोच पुढचा हप्ता चुकवतो. वार्षिक हप्त्यासाठी साधारण तीस दिवसांची सवलत असते. ती उलटली की पॉलिसी पेड-अप होते, म्हणजे विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते आणि पुढचा बोनस थांबतो. आपल्या उदाहरणात वीसपैकी दहा हप्ते भरलेले असल्याने पाच लाखांचे अडीच लाख होतात, आणि आधी जमलेला दोन लाखांचा बोनस मिळून संरक्षण 4,50,000 रुपयांचे उरते. पाच वर्षांनी मृत्यू झाला आणि व्याजही भरलेले नसेल, तर 2,38,579 रुपये वजा होऊन पत्नीला 2,11,421 रुपये मिळतात. हप्ते आणि व्याज दोन्ही चालू ठेवल्यास ज्या घरात साडेसहा लाख आले असते, तिथे सव्वादोन लाखही येत नाहीत.

शिवाय पेड-अप झालेल्या पॉलिसीला बंद न होण्याचे संरक्षण राहत नाही. कर्ज आणि व्याज मिळून सरेंडर व्हॅल्यूच्या पुढे गेले, तर कंपनी सूचना देऊन आणि पैसे भरण्याची वाजवी संधी देऊन पॉलिसी बंद करू शकते. त्यानंतर मृत्यू झाला, तर नॉमिनीला विम्याचे काहीही मिळत नाही. हे किती लवकर घडू शकते ते पाहण्यासाठी, या गृहस्थांनी दीड लाखाऐवजी मर्यादेइतके, म्हणजे 1,80,000 रुपये घेतले असे धरू. एका वर्षात ते 1,97,506 रुपये होतात आणि दीड वर्षात 2,06,888 रुपये, म्हणजे आजच्या दोन लाखांच्या सरेंडर व्हॅल्यूच्या पुढे जातात. पॉलिसीची मुदत जवळ येते तशी पेड-अप पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यूही वाढत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ मिळतो. तरीही जवळजवळ त्याच वेगाने वाढणाऱ्या देण्याला फार जागा उरत नाही. म्हणून मर्यादा 90 टक्के असली तरी तेवढे कर्ज घेऊ नये. माझ्या मते सरेंडर व्हॅल्यूच्या साठ-सत्तर टक्क्यांवर थांबणे सुरक्षित आहे, आणि पैशांची फारच ओढाताण झाली तर मुद्दल राहू द्यावे, व्याजालाही थोडा उशीर चालेल, पण विम्याचा हप्ता सर्वांत आधी भरावा. हप्ता चुकलाच असेल, तर पॉलिसी पुन्हा चालू करण्याची सोय ठरावीक मुदतीपुरती असते. जितका उशीर होईल तितके हप्त्यांवरचे व्याज वाढते आणि आरोग्याचे पुरावेही मागितले जाऊ शकतात.

कर्ज काढून त्याच पैशातून नवी पॉलिसी घ्या, असा सल्ला कुणी दिला, तर तो नाकारावा. जुन्या पॉलिसीवर साडेनऊ टक्के व्याज चालू राहते, नवीचा हप्ता अंगावर पडतो, आणि दोन हप्त्यांपैकी एक थांबला की वरच्या परिच्छेदात सांगितलेली स्थिती ओढवते.

कर्ज फिटल्यावर

मुद्दल एकदम फेडण्याची गरज नसते, ते थोडेथोडे भरता येते आणि जेवढे मुद्दल कमी होईल तेवढे पुढच्या सहामाहीचे व्याज उतरते. उसाचे बिल आले किंवा जॉबवर्कची थकबाकी मिळाली की वीस-पंचवीस हजार भरत गेल्यास दोन-तीन वर्षांत कर्ज संपते. शेवटची रक्कम भरण्यापूर्वी त्या तारखेचे पूर्ण येणे लेखी विचारावे, कारण शंभर-दोनशे रुपये व्याज बाकी राहिले तरी खाते बंद होत नाही आणि त्या बाकीवरही व्याज चढत राहते.

कर्ज पूर्ण फिटले की कंपनीने पॉलिसी पुन्हा धारकाच्या नावे केल्याची नोंद करून मूळ बाँड परत द्यायचा असतो. बाँड हातात घेताना ही नोंद झाली आहे का, तिच्यावर तारीख आणि सही आहे का, हे काउंटरवरच पाहावे. ती राहून गेली, तर पुढे दाव्याच्या वेळी कागदोपत्री पॉलिसी अजून गहाण दिसते आणि ते निस्तरण्याचे काम नॉमिनीवर येते. व्याजाच्या आकारणीत चूक वाटली, भरलेले पैसे जमा दिसत नसले किंवा सूचना न देता पॉलिसी बंद झाली, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पावत्यांच्या प्रतींसह लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. कोल्हापूर जिल्ह्यातील तक्रारी पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे जातात.